झाकणाखालची वीस मिनिटं

घरगुती ओटीजीच्या बटणावर २३० चा आकडा लावला म्हणजे आत २३० अंश झालेच, असं धरून चालू नये. या ओव्हनमधला थर्मोस्टॅट अगदी साधा असतो. हवा तापली की तो रॉड बंद करतो, निवली की पुन्हा चालू करतो, आणि या दोन्हींमध्ये पारा सहज वीस-पंचवीस अंश वरखाली होतो. त्यात बटण आणि आतली उष्णता यांचं गणित प्रत्येक ओव्हनचं वेगळं. एकाच कंपनीचे, एकाच दुकानातून घेतलेले दोन ओटीजी एकच आकडा लावून वेगवेगळे तापतात. केकला हे बरंचसं खपतं. १८० च्या जागी १७० मिळाले तर केक दहा मिनिटं जास्त घेतो, एवढंच. पावाचं तसं नाही. नुसतं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट घालून केलेल्या साध्या पावाचं भवितव्य पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ठरतं. तेवढ्या वेळात उष्णता कमी पडली तर नंतर कितीही वेळ भाजा, तो चपटा आणि फिकटच राहतो.

म्हणून घरी पाव करायचा तर यीस्ट आणायच्या आधी ओव्हनमध्ये टांगायचा एक छोटा गोल थर्मामीटर आणावा. काही शे रुपयांत मिळतो. तो मधल्या जाळीवर ठेवून ओव्हन २३० वर लावायचा आणि अर्ध्या तासाने काचेतून बघायचं. काटा २०० वर दिसला तर आपल्या ओव्हनचे २३० म्हणजे खरे २०० हे कळलं. पुढे बटण तेवढं चढवून लावायचं. लाल दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला, हाही एक गैरसमज. दिवा विझतो तेव्हा हवा तापलेली असते, पण पत्रा, ट्रे आणि आतलं भांडं अजून कोमटच असतं. दार उघडलं की गरम हवा भसकन बाहेर पडते. मग पावाला ऊब द्यायची ती त्या तापलेल्या धातूनेच. ती साठायला दिव्यानंतर आणखी वीस मिनिटं तरी लागतात.

आता एक पाव प्रत्यक्ष करायला घेऊ. ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम चक्कीवरची कणीक, २७० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. पाणीसुद्धा काट्यावर मोजायचं. वाटीच्या मापात पाव हमखास चुकतो. सगळं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवलं की पीठ आपोआप मऊ पडतं. मग आठ-दहा मिनिटं मळायचं. पोळीच्या कणकेपेक्षा हे पीठ सैल आणि चिकट लागतं. तसंच हवं. हाताला चिकटतं म्हणून मैदा भुरभुरत राहिलात तर पाव घट्ट होतो. त्यापेक्षा हात ओला करावा. मुंबईच्या किंवा कोकणातल्या हवेत हे पीठ तासा-सव्वा तासात दुप्पट होतं, थंडीतल्या नाशकात दोन तासही घेतं. त्यामुळे घड्याळाकडे न बघता पिठाकडे बघायचं. दुप्पट झालं की ओट्यावर काढून हलक्या हाताने गोल गोळा वळायचा, वरचं अंग ताणलेलं राहील असा. बटर पेपरवर ठेवून झाकायचा. पाऊण तासाने ओलं बोट त्यात रुतवून बघायचं. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबायचं, अगदीच भरून आला नाही तर उशीर झाला, आणि सावकाश अर्धाच भरून आला तर वेळ झाली.

हा गोळा काट्यावर ठेवून वजन टिपून घ्या. भांड्याला, हाताला चिकटलेलं सोडून ६७५ ग्रॅमच्या आसपास भरेल. या आकड्याचं पुढे काम आहे.

गोळा ओव्हनमध्ये गेला की आत दोन गोष्टींची शर्यत लागते. एकीकडे पाव फुगायला बघतो. उष्णतेने आतला वायू प्रसरण पावतो, पिठातल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, काही पाण्याची वाफ होते, आणि यीस्टही मरण्याआधी एकदा जोरात काम करून घेतं. साधारण ५५ ते ६० अंशांना ते संपतं. दुसरीकडे गोळ्याचा वरचा थर कोरड्या गरम हवेत वाळून कडक व्हायला लागतो. हा थर आधी वाळला तर आतल्या दाबाला वाट मिळत नाही. मग पाव बसका राहतो, किंवा कुठेतरी बुडाशी, बाजूला फाटून त्यातून पीठ वेडंवाकडं बाहेर येतं. बाजूने असा फाटलेला पाव दिसला की त्याला वाफ मिळालेली नाही, हे न विचारता सांगता येतं.

ज्यांनी भाकरी केली आहे त्यांना हे वेगळं शिकवायला नको. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात तो याचसाठी, वरचा पदर वाळून तडकू नये आणि भाकरीला फुगायला सवड मिळावी म्हणून. पावाला हाच पाण्याचा हात वाफेच्या रूपाने द्यायचा असतो.

वाफेचं काम एवढ्यावर थांबत नाही. गरम वाफ थंड गोळ्याला लागली की तिचं पाणी होतं, आणि वाफेचं पाणी होताना ती आपल्यातली बरीच उष्णता त्या पृष्ठभागाला देऊन टाकते. म्हणजे वरचा थर ओला राहतो आणि झपाट्याने तापतोही. त्या ओल्या, तापलेल्या थरातला पिठूळ अंश शिजून खळीसारखा होतो. पुढे तो सुकला की पावाला ती चकाकी आणि चावताना कुरकुरणारं पातळ कवच येतं. वाफेशिवाय भाजलेल्या पावाचं कवच जाड, निस्तेज आणि पिठूळ दिसतं. कितीही दूध-अंडं फासलं तरी ते वेगळं ओळखू येतं.

बेकऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. मोठ्या बेकरीच्या ओव्हनला वाफ सोडायची सोयच असते. विटांच्या भट्टीत एका वेळी खूप पाव लागतात, त्यांच्याच पिठातलं पाणी वाफ होऊन आत कोंडतं. लादीपावाची तर तऱ्हाच निराळी. गोळे एकमेकांना चिकटून ट्रेमध्ये बसतात, त्यामुळे बाजू वाळायचा प्रश्नच येत नाही. सोडवल्यावर त्या पांढऱ्या आणि मऊ निघतात, आणि कुरकुरीत कवच तिथे कोणाला नकोच असतं. घरच्या ओटीजीत मात्र एकच गोळा असतो, आणि ओव्हनच्या दाराच्या फटीतून, मागच्या भोकांतून वाफ सतत निसटत असते.

तिला धरून ठेवायला पुस्तकांत सुचवलेले बरेच उपाय ओटीजीसाठी मला पटत नाहीत. खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतणं हा त्यातला पहिला. मोठ्या ओव्हनमध्ये तो चालतो, पण ओटीजीत खालचे रॉड ट्रेच्या अगदी जवळ असतात आणि पाणी त्यावर सांडायला वेळ लागत नाही. स्प्रेने आत पाणी मारणं त्याहून वाईट. तापलेल्या काचेवर गार थेंब पडला तर काच तडकू शकते, आणि तेवढ्या वेळ दार उघडं ठेवून जेवढी वाफ मिळते त्यापेक्षा जास्त उष्णता जाते. बर्फाचे खडे टाकणारेही आहेत. ते वितळवायला ओव्हनचीच उष्णता खर्ची पडते.

सोपा उपाय म्हणजे पाव झाकणाच्या जाड भांड्यात भाजायचा. ही युक्ती जुनीच, पण घरोघरी पोचली ती २००६ मध्ये. न्यूयॉर्कच्या सलिव्हन स्ट्रीट बेकरीचे जिम लाही यांची न मळता करायच्या पावाची कृती मार्क बिटमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या आपल्या सदरात दिली, आणि जड झाकणाच्या भांड्यात पाव भाजणं हा घरगुती बेकिंगचा रिवाजच झाला. त्यामागचा विचार साधा आहे. २७० ग्रॅम पाणी पिठातच आहे, त्यातलं थोडंसं बाहेर पडलं तरी तेवढ्या लहान जागेत वाफ दाटते. बाहेरून पाणी घालायची गरजच उरत नाही.

यासाठी महागडं परदेशी भांडं लागत नाही. बिडाची खोलगट कढई आणि तिच्यावर नीट बसणारं बिडाचं किंवा स्टीलचं झाकण पुरतं. तेही नसेल तर ओव्हनचा जाड ट्रे किंवा बिडाचा तवा तापवायचा आणि पावावर उंच स्टीलचं पातेलं पालथं घालायचं. माझ्या मते लहान ओटीजीत हेच जास्त सोयीचं, कारण गोळा खोल कढईत सोडताना मनगट भाजायची भीती राहत नाही. दोन गोष्टी मात्र आधी बघून घ्या. पातेलं उपडं घातल्यावर वरच्या रॉडपर्यंत जागा उरते का, हे ओव्हन थंड असतानाच मोजा. आणि प्लॅस्टिकच्या किंवा बॅकेलाइटच्या मुठी, रबराची रिंग, नॉनस्टिकचा थर यांतलं काहीही या उष्णतेत जाऊ देऊ नका. म्हणजे कुकरचं झाकण बाद. काचेचं भांडंही नको. तापल्यावर त्याला गार, ओला गोळा लागणं धोक्याचं.

तर भांडं किंवा तवा-पातेलं आत ठेवून ओव्हन वर-खाली दोन्ही रॉडवर, खऱ्या २३० अंशांपर्यंत तापवा. जाळी सगळ्यात खालच्या किंवा तिच्यावरच्या खाचेत. पंखा असेल तर बंद, कारण तो वाफ उडवून लावतो. गोळ्यावर नव्या ब्लेडने अर्धा-पाऊण सेंटिमीटर खोल एक लांब चीर द्या. पाव कुठून फाटावा हे आपण ठरवायचं, म्हणून ती चीर. बटर पेपरसकट गोळा गरम तव्यावर सरकवा, पातेलं पालथं घाला, दार लावा आणि वीस मिनिटं उघडू नका. काचेतून पातेलंच दिसतं, त्यामुळे डोकावण्याचा मोह तसाही फुकट जातो.

वीस मिनिटांनी पातेलं काढायचं. सांडशी आणि जाड हातमोजे दोन्ही घ्या, आणि पातेल्याची मागची कड आधी उचला, म्हणजे वाफेचा झोत तोंडावर येणार नाही. या क्षणी पाव पूर्ण फुगलेला, चीर उघडलेली आणि रंग फिकट, मळकट पिवळा असायला हवा. रंग आला नाही म्हणून घाबरू नये. कवच ओलं असेपर्यंत ते १०० अंशांच्या वर फारसं जात नाही, आणि खरपूस तांबूस रंगाला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणूनच वाफ जशी सुरुवातीला हवी तशी नंतर नको. झाकण शेवटपर्यंत ठेवलं तर पाव शिजतो खरा, पण पांढुरका आणि चिवट कातड्याचा होतो.

पातेलं काढल्यावर ओव्हन २१० वर आणा आणि आणखी अठरा-वीस मिनिटं भाजा. या टप्प्यावर पंखा लावायला हरकत नाही. वरचा रॉड जवळ असल्याने माथा आधी काळवंडायला लागला तर त्यावर फॉइलचा तुकडा अलगद ठेवा. बूड करपत असेल तर तव्याखालच्या खाचेत दुसरा रिकामा ट्रे सरकवा. रॉडची थेट धग तो अडवतो.

आता मुख्य प्रश्न, आतून झाला का? केकमध्ये खुपसतो तशी सुरी किंवा सळई इथे उपयोगी नाही. पावाचा आतला भाग पुरता शिजायच्या आधीही सळई बऱ्याचदा कोरडी निघते. बुडावर टकटक करून पोकळ आवाज येतो का ऐकायचं, ही जुनी परीक्षा बरी आहे. कच्चा पाव मुका वाजतो, झालेला ढोलकीच्या अंगाने. पण पोकळ कुठलं आणि मुकं कुठलं हे कानाला कळायला बरेच पाव वाजवावे लागतात.

नवख्याने टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. तो वरून न टोचता बाजूने किंवा बुडातून पावाच्या बरोबर मध्यापर्यंत न्यायचा, म्हणजे माथ्यावर भोक दिसत नाही. पिठातला स्टार्च साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पाणी शोषून शिजायला लागतो, ग्लुटेनचं जाळं ऐंशीच्या आसपास कायमचं घट्ट होतं. साधा पाव आतून ९३ ते ९८ अंशांवर गेला की शिजला असं धरतात. दूध-लोणी घातलेला गोड पाव ८८-९० लाच काढतात.

या आकड्यात मात्र एक मेख आहे. पावाच्या आत पाणी आहे तोवर तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जाऊच शकत नाही. त्यामुळे तो ९६-९७ ला पोचून तिथेच अडतो. पुढे दहा मिनिटं भाजलं तरी थर्मामीटर जवळपास तोच आकडा दाखवतो, आणि त्या दहा मिनिटांत पाव मात्र बराच बदलतो. जास्तीचं पाणी निघून जातं, कवच जाड होतं, रंग भरतो. म्हणजे ९० च्या खालचा आकडा दिसला तर पाव नक्की कच्चा. पण ९७ दिसला म्हणजे तो पुरता भाजला असं नाही. शिवाय हा आकडा गावागणिक बदलतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला, आणि महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपासच. ‘आत ९८ झाल्याशिवाय काढू नका’ ही सूचना वाचून महाबळेश्वरात पाव भाजणारा पावाचा कोळसा करील, आणि आकडा तरीही यायचा नाही. तिथे ९३-९४ ला समाधान मानावं.

मघाशी टिपलेलं वजन इथे कामी येतं. भाजताना जातं ते जवळपास सगळं पाणीच. या आकाराचा पाव नीट भाजला की त्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी उतरतं. ६७५ ग्रॅमचा गोळा असेल तर पाव ५९५ च्या आसपास भरायला हवा. गरम पाव काट्यावर ठेवताना खाली घडी केलेलं फडकं घ्या आणि त्याचं वजन आधी वजा करा. काटा ६३० दाखवत असेल तर आत पाणी जास्त उरलं आहे. रंग चांगला आलेला असला तरी १८० अंशांवर, नुसत्या जाळीवर, पुन्हा आठ-दहा मिनिटं ठेवा. पाव एकदा बाहेर काढून परत आत घातल्याने बिघडत नाही. केकसारखा तो बसत नाही, कारण त्याचा सांगाडा आता पक्का झालेला असतो. मला विचाराल तर थर्मामीटर आणि काटा यांतलं एकच घेणं परवडत असेल तर काटाच घ्यावा. तो पीठ मोजायलाही लागतोच.

एवढं जमूनही पुष्कळ पाव सुरीखाली बिघडतात. ओव्हनमधून काढल्यावर आतला स्टार्च अजून सैल, ओलसर असतो. थंड होतानाच त्याला घट्टपणा येतो आणि वाफ कवचातून हळूहळू बाहेर पडते. गरम कापला की सुरीला लगदा लागतो, काप दाबला जातो, आणि माणूस म्हणतो कच्चा राहिला. पाव जाळीवर ठेवावा, ताटात नको. ताटात बुडाशी वाफेचं पाणी होतं आणि कवच भिजतं. या आकाराच्या पावाला किमान दीड तास लागतो.

पूर्ण निवल्यावर कापला आणि तरीही आत चिकट लागला, तर तो चिकटपणा कुठे आहे ते बघा. सगळीकडे सारखा असेल तर भाजणं कमी पडलं. पुढच्या वेळी उघड्यावरची मिनिटं वाढवा. फक्त बुडाशी दाट, ओलसर पट्टा आणि वर मोठी भोकं असतील तर भाजण्याचा वेळ वाढवून काही होणार नाही. एक तर तवा पुरेसा तापला नव्हता, नाही तर दुसऱ्यांदा फुगायला वेळ कमी मिळाला. आणि आतली जाळी ठीक असून कवचच जाड, दगडासारखं झालं असेल तर बहुतेक ओव्हन खऱ्या २३० ला पोचलाच नव्हता. कमी आचेवर रंग येईपर्यंत पाव फार वेळ आत राहिला आणि कवच वाळत गेलं.

कनव्हेक्शन मायक्रोवेव्हमध्येही हा पाव होतो, पण बरीच मॉडेल २०० ते २२० अंशांवर अडतात. तिथे झाकून पंचवीस मिनिटं आणि उघड्यावर पंचवीस असं धरावं, आणि कवच थोडं जाड येणार हे आधीच मान्य करावं. धातूचं भांडं फक्त कनव्हेक्शनवर, मायक्रोवेव्ह चालू असताना मुळीच नाही.

कुरकुरीत कवच मुंबईच्या पावसाळ्यात चार-पाच तासांतच मऊ पडतं. आतलं पाणी बाहेरच्या कोरड्या थराकडे सरकतं आणि वरून हवेतला दमटपणा असतोच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर आणखी लवकर मऊ पडतो. सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा, कापलेली बाजू खाली करून. दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा पाव १८० अंशांवर आठ मिनिटं जाळीवर ठेवला की कवच पुन्हा कुरकुरतं आणि आतला भागही मऊ होतो. मात्र तो तासाभरात संपवावा, कारण असा गरम केलेला पाव नंतर आधीपेक्षा जास्त कडक होतो. फ्रीजमध्ये ठेवू नये. तिथल्या थंडाव्यात पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर काप करून थेट फ्रीझरमध्ये टाकावेत आणि लागतील तसे तव्यावर शेकावेत.